शब्दचर्चा: पुनर्रचनेच्या निवेदनातले 'आपण', 'कार्यमुक्त' आणि 'लवकरच'

बोरू
६४ जणांच्या संस्थेसाठी एक निवेदन मराठीत लिहायचं आहे. ग्राहकसेवा आणि तक्रार निवारण हे दोन विभाग एक होत आहेत आणि त्यात ५ पदं जाणार आहेत. कच्चा मसुदा असा:

"बदलत्या परिस्थितीचा विचार करून आपण पुनर्रचनेचा निर्णय घेतला असून आपली काही पदे कमी करण्यात येतील. संबंधितांना लवकरच कार्यमुक्त करण्यात येईल."

पुनर्रचना, पुनर्गठन की फेररचना? कुठला शब्द कमी बोचेल?

वेलांटी
आधी शुद्धलेखन बघा. निर् + रस = नीरस होतं, त्या न्यायाने पुनर् + रचना = पुनारचना व्हायला हवं. 'पुनर्रचना' चूकच म्हणायची.

कानामात्रा
वेलांटी, संधिनियम बरोबर आहे, पण मराठीत 'पुनर्रचना' रुळून गेला आहे. निवेदनात 'पुनारचना' लिहिलंत तर लोक टंकनदोष समजतील. शिवाय प्रश्न तो नाही.

बोरू, तिन्हींपैकी कुठलाही चालेल. विभागांची मांडणी बदलते आहे म्हणून मी 'पुनर्रचना' ठेवेन. पण त्या शब्दातून नोकऱ्या जाणार हे कळत नाही, त्यामुळे ते वेगळ्या वाक्यात सांगावंच लागेल. तुमच्या मसुद्यातला खरा घोळ 'आपण'मध्ये आहे.

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. "आपण निर्णय घेतला" याचा अर्थ वाचणाऱ्यानेही तो घेतला. ज्याचं पद जातंय त्याने हे वाक्य वाचून काय समजायचं? दुसरी अडचण म्हणजे 'आपण' हे आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा आहे. "आपली काही पदे" म्हणजे आपल्या सगळ्यांची की तुमची, म्हणजे वाचणाऱ्याची? ६४ जण ते ६४ प्रकारे वाचतील.

माझा नियम साधा आहे. निर्णयाला 'आम्ही', आणि त्या 'आम्ही'त कोण हे पहिल्याच वाक्यात. वाचणाऱ्याला 'तुम्ही'. 'आपण' फक्त जिथे दोघं खरोखर एकत्र काही करणार तिथे, उदाहरणार्थ "गुरुवारी आपण भेटू". या निवेदनात तो एकदा आला तरी पुरे.

अर्धविराम
मूळ रोग कर्मणी प्रयोग. ही इंग्रजीची नक्कल आहे, मराठीचा तो स्वभावच नाही. सगळी वाक्यं कर्तरी करा.

कानामात्रा
अर्धविराम, रोग ओळखलात, नाव चुकलं. "संचालकांनी निर्णय घेतला" हाही कर्मणीच आहे आणि अस्सल मराठी आहे. त्यात कर्ता समोर उभा आहे. "निर्णय घेण्यात आला आहे" मध्ये तो गायब होतो, खुपतं ते तेच. म्हणून प्रयोग तपासत बसू नका. प्रत्येक वाक्याला 'कोणी?' विचारा. उत्तर वाक्यातच सापडलं तर पुढे जा.

"पद रद्द होत आहे" मात्र मी चालवून घेईन, पण आधीच्या वाक्यात "आम्ही ठरवलं" येऊन गेलं असेल तरच. नाहीतर पद आपोआप विरघळल्यासारखं वाटतं.

चौकट
'कार्यमुक्त' काढा. आमच्याकडे हाच शब्द वापरला होता, तेव्हा दोघांनी "मग रुजू कुठे व्हायचं?" असं विचारलं. बदली झाली की जुन्या जागेवरून कार्यमुक्त करतात, तोच अर्थ त्यांच्या डोक्यात होता.

कानामात्रा
अगदी. 'बडतर्फ'मध्ये शिक्षा आहे, 'निलंबित'मध्ये परत येण्याची शक्यता, 'कार्यमुक्त'मध्ये दुसरी जागा. यातलं काहीच इथे खरं नाही. 'सेवामुक्त' अर्थाने जवळचा आहे, पण माणसातच काही खोट होती असा वास त्याला येतो. बोलताना लोक "कामावरून कमी केलं" म्हणतात, तेही माणसालाच लागतं. मी पद आणि माणूस अशी दोन वाक्यं करेन. पद रद्द होतं, आणि त्या व्यक्तीची नोकरी अमुक तारखेला संपते.

अर्धविराम
"नोकरी संपते" फार उघडं वाटतं. "सेवा समाप्त होईल" म्हणा, निदान थोडी अदब राहील.

कानामात्रा
समोरासमोर सांगताना 'नोकरी' आणि हातात द्यायच्या पत्रात 'सेवा', इथवर मी मान्य करेन. सगळ्यांना जाणाऱ्या निवेदनात मला 'नोकरी'च हवी, कारण घरी गेल्यावर तो माणूस तोच शब्द वापरणार आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आता 'संबंधित' आणि 'लवकरच'. हे दोन शब्द एकत्र आले की त्या दिवशी कोणाचंच काम होत नाही. प्रत्येक जण स्वतःला संबंधित धरतो आणि 'लवकरच' म्हणजे आज की महिनाअखेर याचे अंदाज सुरू होतात. हे नुसते शब्द बदलून सुटणार नाही, क्रम बदलावा लागेल. आधी त्या ५ जणांशी एकेकट्याने बोलणं, आणि ते संपल्यावर त्याच दिवशी सगळ्यांना निवेदन. मग 'लवकरच'च्या जागी "झाले आहे" लिहिता येतं. विभागप्रमुखांना निवेदन आदल्या दिवशी वाचायला द्या, नाहीतर प्रश्न आले की ते स्वतःचे शब्द वापरतील आणि 'कार्यमुक्त' मागच्या दाराने परत येईल.

बोरूंचा मसुदा मी असा करेन:

"ग्राहकसेवा आणि तक्रार निवारण हे विभाग १ तारखेपासून एक होतील. हा निर्णय आम्ही, म्हणजे संचालक मंडळाने, घेतला आहे. एकच तक्रार दोन्हीकडे नोंदली जाते आणि ग्राहकाला दोन वेगळी उत्तरे मिळतात, हे त्याचे कारण. या बदलात ५ पदे रद्द होत आहेत. त्या पाचही सहकाऱ्यांशी आज सकाळी आम्ही स्वतः बोललो आहोत. तुमच्याशी असे बोलणे झाले नसेल, तर तुमचे पद रद्द झालेले नाही. त्या पाच जणांची नोकरी महिनाअखेरीस संपेल. तोपर्यंत त्यांचा पगार आणि रजा पूर्वीप्रमाणेच राहतील. नव्या विभागाचे प्रमुख कोण, हे अजून ठरलेले नाही. ते २० तारखेला कळवू. तोपर्यंत तुमचे काम आणि तुमचे वरिष्ठ तेच राहतील. गुरुवारी ४ वाजता आपण भेटू. प्रश्न त्याआधी लिहून पाठवले तरी चालतील."

ठरलेलं नाही ते तसंच सांगितलं आहे, पण कळवण्याची तारीख देऊन. २० तारखेलाही ठरलं नाही, तर त्या दिवशी तेवढं तरी कळवायचं.

चौकट
"यापुढे कपात होणार नाही" हे नको का? लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

कानामात्रा
तेवढं वचन कोणाच्याच हातात नसतं. "या पुनर्रचनेत याहून जास्त पदे रद्द होणार नाहीत" इतकं खरं असेल तर लिहा. मात्र त्याला 'सध्या तरी' जोडू नका. त्या 'तरी'ने सगळं वाक्य उलटं फिरतं, वाचणारा पुढच्या फेरीची वाट बघायला लागतो. तसंच 'फक्त ५' किंवा 'पाचच' नको. त्या पाच जणांना तो 'च' दिसतो.

बोरू
'कार्यमुक्त' आणि 'लवकरच' दोन्ही काढले. एक अडचण: पाचातला एक जण रजेवर आहे. मग "आज सकाळी बोललो" कसं लिहू?

कानामात्रा
फोनवर बोलणं झालं तर "बोललो" खरंच आहे. फोन लागला नाही तर निवेदन थांबवा. "चौघांशी बोललो" असं लिहिलंत तर बाकीचे ६० जण 'पाचवा मीच का?' म्हणून बसतील.

अर्धविराम
आणि त्या चौघांनी मधल्या वेळात सगळीकडे सांगितलं तर?

कानामात्रा
सांगतीलच, आणि त्यांना गप्प राहा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून तो माणूस कुठे आहे याची चौकशी पहिल्या भेटीआधी करायची. निदान त्याची रजा संपेपर्यंत तारीख पुढे ढकलता येते का, ते बोरूंनीच बघावं.