‘सांगितलं असतंस’ आणि ‘पाठवली असती’: जर-तरच्या दोन्ही बाजूंना एकच शेवट हवा का?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या या गप्पा; बहुतेकांच्या नावाऐवजी त्यांच्या वस्तीचं नाव दिलं आहे.

राजेंद्रनगर: आत्या परवा पुण्याहून इंदूरला आली आणि न कळवता रिक्षा करून थेट छावणीत काकांकडे उतरली. मी तिला मेसेज केला, ‘जर तू आधी सांगितला असता तर मी गाडी पाठवले असते.’ तिनं वाक्य दुरुस्त करून परत धाडलं: ‘जर तू आधी सांगितलं असतंस तर मी गाडी पाठवली असती.’ आमच्या घरी मराठी बोलतात, पण माझी सगळी शाळा हिंदीत झाली. मला वाटायचं, जर-तरच्या दोन्ही भागांत क्रियापद जुळायला हवं. इथे तर एकीकडे ‘असतंस’ आहे आणि दुसरीकडे ‘असती’. मग जुळतंय काय?

नंदलालपुरा: जुळायलाच हवं. पहिल्या भागात ‘असता’ आलं की दुसऱ्यातही ‘असता’च्याच घरातलं रूप हवं. ‘तू आला असतास तर मी जातो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून मी तर दोन्हीकडे ‘असते’ लावून मोकळा होतो, ‘सांगितले असते तर पाठवले असते’. कानाला बरोबर लागतं.

जुनी शिक्षिका: तुमचं पहिलं म्हणणं पक्कं आहे, दुसरं नाही. जे घडलंच नाही त्याबद्दल बोलताना दोन्ही भागांत ‘असत-’ लागतं, इथपर्यंत दोन्ही बाजू जोडीनं चालतात. पण त्या ‘असत-’चा शेवट प्रत्येक भाग आपापल्या घरून आणतो, शेजारच्या भागाकडून नाही.

आत्याचंच वाक्य घ्या. ‘गाडी पाठवली असती’ इथे पाठवणारी तुम्ही, पण क्रियापद बघतं गाडीकडे. गाडी ती, म्हणून ‘पाठवली’ आणि ‘असती’. डबा असता तर ‘पाठवला असता’, सामान असतं तर ‘पाठवलं असतं’, पिशव्या असत्या तर ‘पाठवल्या असत्या’. पहिल्या भागात काय सांगितलं ते नाव घेऊन म्हटलेलं नाही, म्हणून ‘सांगितलं असतं’, आणि करणारी ‘तू’ म्हणून त्याला शेवटी ‘स’ चिकटला. तिथे ‘निरोप’ शब्द टाकून बघा, लगेच ‘निरोप सांगितला असतास’ होतं.

तुमच्या वाक्यात ‘सांगितला’ कुठून आलं याचा माझा अंदाज हिंदीकडे जातो. ‘बताया होता’मधला ‘आ’ तसाच उतरतो, कारण हिंदीत ‘ते’ लिंगच नाही.

छावणी: मला उलटी अडचण आहे. मी साहेबांना लिहिलं, ‘जर वेळ मिळाला तर येईन.’ सहकारी म्हणाला, मिळाला भूतकाळ आणि येईन भविष्यकाळ, वाक्य चुकलं. मी मग ‘वेळ मिळेल तर येईन’ केलं. बरोबर केलं ना?

जुनी शिक्षिका: भाऊ, हा प्रश्न वेगळा आहे. तुमचं पहिलं वाक्यच चांगलं होतं. अजून व्हायचंय, होईल किंवा होणारही नाही, अशा ठिकाणी मराठी सरळ ‘मिळाला तर येईन’, ‘पाऊस आला तर थांबू’ म्हणते. रूप भूतकाळाचं दिसतं, पण बोलणं पुढचंच असतं. राजेंद्रनगरवाल्या ताई विचारतायत ते न घडलेल्याबद्दल. तिथे ‘वेळ मिळाला असता तर आलो असतो’.

आता खरी गोची जिथे होते ते सांगते. मी चाळीस वर्षं वह्या तपासल्या. ‘मी आलो असतो’, ‘मी आले असते’ हे सगळ्यांना येतं. मग मुलं त्याच चालीवर ‘तो आला असतो’, ‘ती आली असते’ लिहितात. कारण ‘मी असतो’ हे रोजच्या वाक्यातही असंच आणि जर-तरमध्येही असंच. ‘तो’ आणि ‘ती’ला मात्र फरक पडतो. रोज ‘तो घरी असतो’, पण ‘तो घरी असता तर’. रोज ‘ती असते’, पण ‘ती असती तर’. रोज ‘ते असतात’, पण ‘ते असते तर’. शंका आली की ‘मी’ काढून तिथे ‘तो’ किंवा ‘ती’ घालून वाक्य म्हणून बघा, चूक कानाला टोचते.

राजेंद्रनगर: मग हे कसं? माझी मुलगी म्हणाली, ‘मी अभ्यास केला असता तर आज डॉक्टर असते.’ मी तिला टोकलं, की मुलगी ‘केला असता’ कशी म्हणेल, ‘केली असती’ म्हण. आता वाटतंय, मीच चुकले.

जुनी शिक्षिका: तुमच्या लेकीला शाबासकी द्या. अभ्यास तो, म्हणून ‘केला असता’; इथे मुलगी बोलतेय की मुलगा, याचा संबंध नाही. दुसऱ्या भागात मात्र ती स्वतःबद्दल बोलतेय, म्हणून ‘डॉक्टर असते’. तिचा भाऊ बोलला तर पहिला भाग जसाच्या तसा आणि दुसरा ‘डॉक्टर असतो’. शिवाय तिथे ‘झाले असते’ न म्हणता नुसतं ‘असते’ म्हटलं, कारण गोष्ट आजची आहे. दोन्हीही चालतं.

इंदुरात वस्तूंच्या लिंगानं जास्त फसगत होते. पुस्तक हिंदीत ‘ती’, आपल्याकडे ‘ते’. आवाज हिंदीत ‘ती’, आपल्याकडे ‘तो’. म्हणून ‘तू आवाज दिली असती’ ऐकू येतं, हवं ‘आवाज दिला असतास’. चहाचंही तेच, ‘चहा केला असता’. आणि वस्तूला ‘ला’ लागला की क्रियापद तिच्याकडे बघणं सोडतं: ‘मी ताईला बोलावलं असतं’, ताई असली तरी ‘बोलावली असती’ नाही.

सुदामानगर: माझं माहेर नागपूरचं. आमच्याकडे ‘तू सांगितलं असतं तर’ असंच म्हणतात, ‘स’ कुणी लावत नाही. आम्ही सगळे चुकतो का?

नंदलालपुरा: आमच्याही घरी ‘स’ फक्त आजी लावायची.

जुनी शिक्षिका: बोलण्यात मी त्याला चूक म्हणणार नाही. ‘तू’ समोर उभा आहे, वाक्यात म्हटलेलाही आहे. परीक्षेत किंवा पत्रात मी ‘स’ लिहायला लावायचे. ‘तुम्ही’बद्दल तर आमच्या घरातही एकमत नाही: ‘तुम्ही आला असता’ आणि ‘तुम्ही आला असतात’, दोन्ही चांगल्या मराठी घरांत ऐकलंय. मी पहिलं लिहिते, माझे यजमान दुसरं.

राजेंद्रनगर: एक शेवटचं. आत्याला उद्या लिहायचंय, की तू कळवलं असतंस तर मी सकाळीच पोहे आणि जिलबी… ‘आणले असते’ की ‘आणली असती’?

जुनी शिक्षिका: क्रियापदाला चिकटून जिलबी आहे, म्हणून ‘आणली असती’. आधी जिलबी म्हणून मग पोहे म्हणाल तर ‘आणले असते’. मी शेवटच्या वस्तूकडे बघते.

छावणी: आमच्याकडे पोहेच आधी येतात.