मदत हवी आहे: चौथीच्या प्रश्नपत्रिकेतला काँक्रीट मिक्सरचा प्रश्न

शाळेची_घंटा: सोलापुरात चौथीच्या मुलांसाठी 'मालवाहू गाड्या' अशी प्रश्नोत्तरांची पत्रिका करतेय. टिपर, टँकर, पिकअप जमले. मिक्सरवर अडलेय. माझा मसुदा: 'ड्रम का फिरतो? – सिमेंट सुकू नये म्हणून. माल कसा ओततात? – टिपरसारखा ड्रम उचलून.' बरोबर आहे का?

माळरान: पहिलं बरोबर. ड्रम चाकांना जोडलेला असतो, त्यामुळे गाडी थांबली की तोही थांबतो.

खडी_वाळू: माळरान, मग सिग्नलला उभ्या मिक्सरचा ड्रम कसा फिरतो? त्याला ताकद इंजिनाकडून मिळते, हायड्रॉलिक पंप आणि मोटरमार्फत. चाकांशी संबंध नाही. म्हणून साइटवर गाडी तासभर उभी असली तरी इंजिन चालूच ठेवतात.

ताई, 'सुकू नये' हे काढा. काँक्रीट वाळून नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं, पाण्याखालीसुद्धा होतं. फिरवल्याने ती क्रिया थांबत नाही. ड्रम हळू फिरत राहतो तो खडी तळाशी बसू नये, पाणी वर येऊ नये म्हणून. तरीही साधारण 2 तासांत माल ओतायचा असतो, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तो त्याआधीच आवळायला लागतो.

दुसरं उत्तर पूर्ण चूक. ड्रम उचलत नाहीत, उलटा फिरवतात. आत जिन्यासारखी वळत गेलेली पाती वेल्ड केलेली असतात. एका दिशेने फिरताना ती माल केबिनकडच्या बंद टोकाकडे ओढतात, उलट फिरताना तोंडाकडे ढकलतात, मग तो पन्हळीतून खाली येतो. वर्गात बोल्टवर नट फिरवून दाखवा, लगेच कळेल. घड्याळाच्या दिशेने की उलट, हे मात्र विचारू नका.

सोसायटी_७: आमच्याकडे येणारा पाण्याचा टँकर वळणावर डुलतो. त्यातही पाती असतात ना?

खडी_वाळू: ती वेगळी. टँकरमध्ये भोकं असलेले आडवे पत्रे असतात, ब्रेक मारल्यावर पाणी एकदम पुढे धावू नये म्हणून. ते फिरत नाहीत.

शाळेची_घंटा: वजनाचं उदाहरण घालू का?

खडी_वाळू: घाला. 6 घनमीटरचा ड्रम घ्या. एक घनमीटर काँक्रीट सुमारे 2400 किलो, म्हणजे 14,400 किलो. जवळजवळ तीन मोठे हत्ती. गुणाकारही होईल.

माळरान: गाडी वाटेत बंद पडली तर मालात साखर टाकतात म्हणे. आपल्या जिल्ह्यात तोटा नाही!

खडी_वाळू: खरं आहे, थोडी साखर घट्ट होणं लांबवते. पण तो माल मग स्लॅबला घेत नाहीत, ड्रम वाचवायलाच तो उपाय. एकदा आत दगड झाला की माणूस ड्रममध्ये उतरून फोडत बसतो.

शाळेची_घंटा: पाती आणि नट घेतले, साखर राहू दे. टिपरखाली 'डंपर' लिहिलं तर चालेल?

माळरान: एकच.

खडी_वाळू: खाणीत डंपर म्हणजे रस्त्यावर न येणारी अवाढव्य गाडी. पण अक्कलकोट रोडला कोणालाही विचारा, मुरूम टाकणाऱ्या टिपरला डंपरच म्हणतील. मी दोन्हींना गुण दिले असते.