शब्दचर्चा: संख्या-सरासरी, वजन-सरासरी आणि ‘डिस्पर्सिटी’ला काय म्हणायचं?

नौपाडाकरीण: रंगांसाठी लागणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रेझिनचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. कंपनी तुर्भ्याची आहे आणि पत्रक शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरांनी वाचायचं आहे. त्यात Mn, Mw आणि Đ अशा तीन ओळी आहेत. पहिल्या दोन मी ‘संख्या-सरासरी मोलर वस्तुमान’ आणि ‘वजनी सरासरी मोलर वस्तुमान’ अशा केल्या. तिसरीला काय लिहू? ‘अपस्करण’ हा शब्द शाळेत प्रकाशासाठी शिकलोय, तो इथे चालेल का?

दुसरी अडचण आकड्यांची. एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांचे अहवाल दिलेत. एकात Mn ४,८००, Mw १४,४००, Đ ३.०. दुसऱ्यात Mn २,८९०, Mw १३,५६०, Đ ४.७. यातला छपाईची चूक असलेला कुठला?

महापे-फार्मा: हा PDI ना? आमच्याकडे ०.२ च्या वर गेला की बॅच बाजूला काढतात. ४.७ कसा येईल? दशांशचिन्ह सरकलं असणार, ०.४७ करून टाका.

रबाळेकर: थांबा, ताई, दशांशचिन्हाला हात लावू नका. महापेकर म्हणतात तो PDI कणांच्या आकाराचा. लेझरचा प्रकाश कणांवर टाकून तो काढतात आणि तो एकाच्या खाली राहणं अपेक्षितच असतं. तुमच्या अहवालातला आकडा म्हणजे Mw भागिले Mn. रेझिनचे रेणू म्हणजे लांब साखळ्या, आणि त्या सगळ्या तंतोतंत सारख्या असतील तर तो १ येतो, त्याहून कमी येऊच शकत नाही. दोन्हींना एकच नाव पडल्यामुळे हा घोळ वारंवार होतो. रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये ‘पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स’ सोडून नुसतं ‘डिस्पर्सिटी’ म्हणावं अशी शिफारस केली, चिन्ह Đ. पण यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये PDI अजून दिसतो.

वाशीचे मास्तर: निवृत्त रसायनशिक्षक म्हणून सांगतो. Mn ही साधी सरासरी, Mw ही जड साखळ्यांची सरासरी. Đ एकाच्या जितकी जवळ तितका माल चांगला. ४.७ म्हणजे बॅच बिघडलेली.

रबाळेकर: सर, Mn बद्दल तुमचं बरोबर आहे. Mw मध्ये मात्र हलक्या साखळ्याही मोजल्या जातात, फक्त प्रत्येकीचं मत तिच्या वजनाइतकं. नमुन्यातून डोळे मिटून एक साखळी उचलली तर तिचं सरासरी वस्तुमान Mn. साखळीऐवजी एक कडी उचलली आणि ती ज्या साखळीतली तिचं वस्तुमान पाहिलं, तर सरासरी Mw येते. लांब साखळीत कड्या जास्त, म्हणून हाताला तीच जास्त वेळा लागते. खालच्या सूत्रांत Ni म्हणजे Mi वस्तुमानाच्या साखळ्यांची संख्या.

```
Mn = Σ(Ni·Mi) / Σ(Ni)
Mw = Σ(Ni·Mi²) / Σ(Ni·Mi)
Đ  = Mw / Mn
```

म्हणून ताई, ‘वजनी’ नको. शेअरबाजार वाचणारा माणूस ‘वजनी सरासरी’ म्हणजे ‘भारित सरासरी’ समजेल, आणि भार तर Mn लाही आहे, साखळ्यांच्या संख्येचा. ‘वजन-सरासरी’ लिहिलंत की ‘संख्या-सरासरी’शी जोडी जमते.

आणि सर, Đ जास्त म्हणजे माल वाईट, हे सरसकट नाही. पाण्याच्या पाइपसाठीचं पॉलिइथिलीन मुद्दाम रुंद पसाऱ्याचं बनवतात. आखूड साखळ्यांमुळे ते एक्स्ट्रूडरमधून सहज वाहतं, लांब साखळ्यांमुळे तडा लवकर जात नाही. नायलॉन ६६ सारख्या संघनन बहुवारिकांत अभिक्रिया पूर्णत्वाला गेली की Đ आपोआप २ च्या आसपास येते. तिथे १.१ मागणं व्यर्थ आहे.

वाशीचे मास्तर: पाइपचं मान्य. पण इथे नमुना एकच आहे. एकाच नमुन्याची Đ दोन कशी?

रबाळेकर: हाच खरा प्रश्न आहे. दोन अहवालांतला Mw बघा, सहा टक्क्यांचाही फरक नाही. Mn मात्र चाळीस टक्क्यांनी खाली गेलाय. म्हणजे भांडण लहान साखळ्यांचं आहे.

समजा पहिल्या प्रयोगशाळेने जे मोजलं ते नमुन्याचं फक्त ९४ टक्के वजन होतं. उरलेले ६ टक्के साधारण ४०० वस्तुमानाचे तुकडे, म्हणजे मोजक्याच मोनोमरचे. आता १०० ग्रॅम नमुना घ्या. ९४ भागिले ४,८०० म्हणजे ०.०१९६ मोल साखळ्या. ६ भागिले ४०० म्हणजे ०.०१५० मोल. सहा ग्रॅमांनी जवळजवळ उरलेल्या ९४ ग्रॅमांइतक्या साखळ्या आणल्या! एकूण ०.०३४६ मोल, १०० ला त्याने भागा, २,८९० येतात. Mw साठी ०.९४ गुणिले १४,४०० आणि ०.०६ गुणिले ४००, बेरीज १३,५६०. दुसरा अहवाल जसाच्या तसा मिळाला. छपाईची चूक कुठेच नाही.

ऐरोलीची ताई: मी साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून मोजणारं जीपीसी यंत्र चालवते, तर हे स्क्रीनवर कसं दिसतं ते सांगते. टीएचएफ हे द्रावक मिनिटाला १ मिली सोडलं की कॉलममधून मोठ्या साखळ्या आधी बाहेर येतात, लहान मागून. शिखर उतरताना शेवटी एक छोटासा उंचवटा राहतो. तिथे मोजणीची उभी रेघ कुठे टाकायची हे बहुतेक वेळा माणूसच ठरवतो. यंत्र ज्ञात वस्तुमानाच्या पॉलिस्टायरीन स्टँडर्डवर जुळवतात; सर्वात लहान स्टँडर्ड ५८० चं असेल तर काही जण तिथेच रेघ मारतात, कारण त्याखाली कॅलिब्रेशनचा आधार नाही. १६२ चं स्टँडर्ड असेल तर पुढे जातात. दोघंही नियमानेच चाललेले असतात.

पण रबाळेकरदादा, तो उंचवटा रेझिनचाच कशावरून? टीएचएफमध्ये बऱ्याचदा बीएचटी हे स्थिरक असतं, वस्तुमान २२०. नमुना वेगळ्या बाटलीतल्या टीएचएफमध्ये विरघळवला की त्याचं शिखर तिथेच आसपास उगवतं. रेझिन ब्युटिल अ‍ॅसिटेटमध्ये आलं असेल तर तेही शेवटी दिसतं, ११६ चं. मी आधी त्याच बाटलीतलं नुसतं टीएचएफ सोडते. उंचवटा तिथेही आला तर तो साखळ्यांचा नव्हे. दोन्ही आलेख मागवा, ताई. आकड्यांवरून हे कळणार नाही.

रबाळेकर: हे बरोबर आहे. माझं गणित जुळलं म्हणजे ते ६ टक्के मोजक्या मोनोमरचे तुकडे, म्हणजे ऑलिगोमरच आहेत असं सिद्ध होत नाही. शिवाय अ‍ॅक्रिलिक रेझिन पॉलिस्टायरीनवर मोजलं की तिन्ही आकडे सापेक्षच असतात.

महापे-फार्मा: मग पत्रकात Đ द्यायचीच कशाला?

रबाळेकर: द्यावी, पण रेघ कुठे मारली ते लिहून. माल अमेरिकेला जात असेल तर तिथल्या रसायन-नियमांतून पॉलिमरना मिळणाऱ्या सवलतीचा एक निकष, Mn १,००० ते १०,००० असताना, ५०० खालचा भाग १० टक्क्यांपेक्षा कमी आणि १,००० खालचा २५ टक्क्यांपेक्षा कमी असावा असा आहे. ५८० ला रेघ मारलेला अहवाल पहिल्या अटीचं उत्तर देऊच शकत नाही.

नौपाडाकरीण: आलेख मागवले. तोवर ओळ अशी करते: ‘साखळ्यांच्या वस्तुमानाचा पसारा (डिस्पर्सिटी, Đ = Mw/Mn)’, आणि खाली ‘पॉलिस्टायरीन-सापेक्ष, मोजणी ___ पर्यंत’; तो आकडा आलेख आल्यावर भरते.

वाशीचे मास्तर: ‘पसारा’ घरगुती वाटतो. सांख्यिकीत ‘अपस्करण’ रूढ आहे, तोच ठेवा.

ऐरोलीची ताई: सर, आमच्या शिफ्टमध्ये ‘अपस्करण’ म्हटलं तर प्रत्येक जण अर्थ विचारेल. ‘पसारा’ कुणी विचारणार नाही. फक्त पसारा किती हे सांगणारा आकडा १ पासून सुरू होतो, ० पासून नाही, हे तळटीपेत टाका.