आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

रविवार

सेक्रेटरी काका (ए-१०१), सकाळी ७.१२: सर्व सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप पाणी, लाईट, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे. काल सकाळपासून सात मेसेज आलेत, "डावी ३५ मि. झोपली", "उजवी ४० मि. लंगोट ओला". पहाटे ३.४० ला माझा फोन वाजला, मला वाटलं टाकी फुटली. कृपया ज्यांचं असेल त्यांनी बघावं. मी नाव घेत नाही.

ओंकार (ए-२०२): काका नाव न घेता पण सगळ्यांना कळलं 😂

नाना (बी-२०३): क्षमस्व. घरच्या ग्रुपवर टाकायचं होतं, जावईबापू पुण्यात आहेत ना, त्यांना कळावं म्हणून. दोन्ही ग्रुप वरती चिकटवलेत आणि रात्री चष्मा नसतो. डिलीट करतो.

बाबी (सी-तळमजला): मोटर पाच वाजल्यापासून चालू आसा. टाकीत पाणी नाय. कोणीतरी वर जावन बघा.

नाना: डिलीट करताना चुकून सगळा तक्ता परत फॉरवर्ड झाला. परत क्षमस्व.

वेळ | किती वेळ | बाजू | शेरा
स. ६.१० | ३५ मि. | डावी | झोपली
स. ९.३० | ४० मि. | उजवी | लंगोट ओला
दु. १२.४५ | ३० मि. | डावी | झोपली, तळपायाला गुदगुल्या केल्या तरी उठत नाही
दु. ४.२० | ४५ मि. | उजवी | लंगोट ओला, नारिंगी डाग (आमरसाचा असावा)
सं. ७.४५ | ३५ मि. | डावी | शी थोडी, काळपट हिरवी
रा. १०.५० | ४० मि. | उजवी | लंगोट ओला, शांत झोप
प. ३.४० | ३५ मि. | डावी | झोपली. फार शहाणी आहे, रडत नाही

ओंकार: नाना तुम्ही बँकेत होतात ते दिसतंय, फक्त खाली बेरीज राहिली

सेक्रेटरी काका: 🙏 कृपया.

सुलभाताई (ए-३०२): एक मिनिट. नाना, हे डिलीट करू नका. बाळाचा आज कितवा दिवस?

नाना: काल सहावा झाला, आज सातवा.

सुलभाताई: मग आमरस बाजूला ठेवा. तो डाग आमरसाचा नाही. विटेच्या भुग्यासारखा दिसतोय का, कोरडा?

नाना: हो, तसाच. मी म्हटलं पायरी फोडली होती त्या दिवशी, हाताचा लागला असेल.

बाबी: मोटर पाच वाजल्यापासून चालू आसा. टाकीत पाणी नाय.

सुलभाताई: लघवी घट्ट झाली की असे कण दिसतात. पहिले दोनतीन दिवस दिसले तर चालतं, सहाव्या दिवशी म्हणजे पोटात दूध कमी जातंय. आणि तुमचा तक्ताच सांगतोय बघा. चोवीस तासांत ओले लंगोट तीन. पाचव्या दिवसानंतर निदान सहा हवेत, पाण्यासारख्या फिक्या लघवीचे. शी एव्हाना पिवळी व्हायला हवी, ही अजून काळपट हिरवी. पाजणं सात वेळा, आठ ते बारा हवं. रात्री १०.५० नंतर थेट ३.४०, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. मी एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात हेच मोजत आले, म्हणून बोलतेय, राग मानू नका.

मंदाकाकू (बी-२०४): राग कशाला. पण झोपलेलं बाळ उठवू नये असं आमच्यात म्हणतात. आमची तिन्ही अशीच वाढली, कोणी वह्या भरल्या नव्हत्या. जरा बाळगुटी उगाळून द्या मधातून, पोट साफ होईल. आणि एवढा उकाडा आहे, चमचाभर पाणी तरी.

सुलभाताई: मंदाताई, मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून आतड्यात विषबाधा होऊ शकते. पाणीही सहा महिने नको, दूधच पाण्यासारखं असतं सुरुवातीला. एवढंसं पोट, पाण्याने भरलं की दूध कमी ओढणार.

मंदाकाकू: बरं बाई. आम्हाला काय कळतंय.

मुग्धा (बी-२०३): बाबा!!!! माझ्या अंगावरच्या दुधाचा हिशोब तुम्ही अख्ख्या सोसायटीला दिलात??

नाना: चुकून झालं गं.

मुग्धा: आता वाचलंच आहे सगळ्यांनी तर विचारते सुलभाकाकू, मी चाळीस चाळीस मिनिटं बसते हो, पाठ मोडते, आणखी किती वेळ पाजू?

सुलभाताई: आणखी वेळ नको पोरी. मला सांग, त्या चाळीस मिनिटांत तिचा घोट ऐकू येतो किती वेळ?

मुग्धा: सुरुवातीला पाच सात मिनिटं. मग तोंडात धरून झोपते. काढलं की परत चोखते नुसतं. बाबा दाराबाहेरून घड्याळ लावतात, बसल्यापासून उठेपर्यंत.

सुलभाताई: मग पाच सात मिनिटंच लिहायची. पहिल्या पंधरा दिवसांत हीच चूक होते, "किती वेळ" या रकान्यात बाळ छातीशी किती वेळ होतं ते लिहितात आणि आकडा मोठा दिसला की सगळे निर्धास्त. आणि दूध कमी गेलेलं बाळ रडतंच असं नाही, अंगात जोर नसतो म्हणून झोपतं. त्याला घरातले शहाणं म्हणतात. आजच डॉक्टरांकडे वजन करून घ्या, कावीळही बघतील, काविळीनेही बाळ असं सुस्त असतं. जन्माचं वजन किती?

नाना: २ किलो ८००.

सेक्रेटरी काका: सुलभाताई, आपलं म्हणणं योग्य आहे पण हे पर्सनलवर बोललात तर बरं.

ओंकार: काका राहू दे की, लिफ्टबद्दल तरी काय बोलणं होतं इथे, ती दोन महिने बंदच आहे

सेक्रेटरी काका: लिफ्टचं कोटेशन आलेलं आहे. मीटिंगला आलात तर कळेल. मागच्या मीटिंगला तुम्ही नव्हतात.

बाबी: लिफ्ट नंतर. मोटर पाच वाजल्यापासून चालू आसा. माका कोणी उत्तर देतलो काय?

नाना, दुपारी १.०५: आलो. वजन २ किलो ५६०. डॉक्टर म्हणाले साडेआठ टक्के उतरलंय. दहाच्या आत आहे पण सातव्या दिवशी चढायला लागायला हवं होतं. कावीळ थोडी आहे, दिव्याखाली ठेवायची गरज नाही. तक्ता दाखवला तर म्हणाले हा कोणी ठेवला, छान आहे.

ओंकार: नाना इन्क्रिमेंट!

सुलभाताई: मी संध्याकाळी खाली येते. तोवर तिला दुपट्यातून मोकळी करून पाज मुग्धा, गुंडाळलेलं बाळ उबेने झोपतंच.

सोमवार

मुग्धा, सकाळी १०.२०: काल काकू आल्या होत्या. मी नुसतं बोंड तोंडात देत होते, तिने ओठ मिटून टोकच धरलेलं म्हणून मला दुखायचं पण. आता तिचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग हनुवटी आधी टेकवायची, खालचा ओठ बाहेर उलटा. चोखणं मंदावलं की छाती हाताने हलकी दाबून धरायची, लगेच दोन चार घोट घेते. तेही थांबलं की दुसरी बाजू. आणि नंतर हाताने काढून वाटीत, चमच्याने पाजते. आई म्हणते बोंडलं काढू का माळ्यावरून, माझ्याच वेळचं आहे.

मंदाकाकू: बघा, बोंडलं आमच्याच वेळचं लागलं शेवटी.

सुलभाताई: अगदी बरोबर मंदाताई. उकळून घ्या मात्र. आणि वजन जन्माइतकं होईपर्यंत रात्री तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही, तास मोजायचे ते पाजायला सुरुवात केल्यापासून.

नाना: नवा रकाना घातला आहे, "घोट". आता "बसली २० मि., घोट १२ मि." असं लिहितो. कोण जास्त ओळखतं यावर हिच्याशी पैज आहे.

सेक्रेटरी काका: नाना, इथे नको.

ओंकार: आमच्या वेळी रात्री डायपर असायचा, तो सगळं शोषून घेतो, ओला कळतच नाही. आत सुती कापडाचा तुकडा ठेवायचो. नाना तुमचे लंगोट बरे, गच्चीवर वाळत घातले की सोसायटीच मोजते

सेक्रेटरी काका: गच्चीवर दोऱ्या बांधायची परवानगी कोणी दिली हा वेगळा विषय आहे.

बुधवार

मंदाकाकू, रात्री ९.१०: मुग्धा, सहापासून तिसऱ्यांदा रडते आहे गं. भिंतीतून ऐकू येतंय. दूध पुरत नसेल. डबा आणा एक, हट्ट नको.

मुग्धा: काकू मी पण रडायला आलेय. दिवसभर ठीक होतं, संध्याकाळी दर पाऊण तासाला परत तोंड उघडून शोधते.

सुलभाताई: आजचे लंगोट किती?

नाना: सात ओले. शी तीन, पिवळी, मोहरीच्या दाण्यासारखी. पाजणं आत्तापर्यंत दहा.

सुलभाताई: मग दूध पुरतंय. संध्याकाळी बरीच बाळं अशी लागोपाठ पितात, नंतर एक सलग झोप घेतात. रडण्यावरून दूध मोजू नका, लंगोटावरून मोजा. मुग्धाला जेवायला वाढा आणि बाळ तासभर आजोबांनी खांद्यावर घ्या.

मंदाकाकू: मी आणते पेज आणि सांडगी मिरची. ती खाल्ली तर चालते ना सुलभाताई, का त्यालाही मनाई?

सुलभाताई: चालते की. मलाही ठेवा एक.

रविवार

नाना, सकाळी ११.४०: चौदावा दिवस. वजन २ किलो ८१०. सात दिवसांत २५० ग्रॅम, म्हणजे रोजचे साधारण ३५. जन्माच्या वजनाच्या वर १० ग्रॅम शिल्लक.

ओंकार: शिल्लक 😂😂

सुलभाताई: छान. आता नाना, मिनिटं लिहिणं बंद. ओले लंगोट आणखी थोडे दिवस मोजा, वजन आठवड्याला एकदा. रात्री आपणहून उठेल तेव्हा पाजायचं. मुग्धाने घड्याळाकडे बघत बसायचं नाही.

मुग्धा: काकू थँक्यू. वही मी कपाटात ठेवली. बाबा शोधतायत.

नाना: सापडली. पण मागची पानं कोरी आहेत. बाबी, तुझी मोटर पहाटे किती वाजता लावतात?

बाबी: पाचाक. आठ दिवस सांगतंय.

सोमवार

नाना, सकाळी ६.०२: सेक्रेटरी साहेब, हे मुद्दामच या ग्रुपवर टाकतो आहे.

वेळ | किती वेळ | शेरा
प. ५.१० | ४० मि. | मोटरचा आवाज आहे, टाकीच्या पाईपला कान लावला, पाण्याचा नाही. टाकी होती तेवढीच
प. ५.५५ | बंद केली | विहिरीतला फूटव्हॉल्व्ह गळतो, पाईप रिकामा होतो, मोटर हवाच ओढते

बाबी: चाळीस मिनिटां बसली, घोट एक नाय.

सेक्रेटरी काका: प्लंबरला फोन केला आहे. दहा वाजता येतो म्हणाला. नाना, फूटव्हॉल्व्हचा तक्ता राहू द्या, मीटिंगला लागेल.