नाव, वय, धंदा आणि पुढे काहीच नाही : अशा ओळखीला तुम्ही काय उत्तर दिलेत?

जुनी_ग्रंथपाल
आमच्या सकाळच्या हास्यमंडळात गेल्या सोमवारी एक नवे गृहस्थ आले. वर्तुळात उभे राहून त्यांनी आपले नाव सांगितले, "वय 66, शिवणकाम," एवढे म्हणाले आणि हात जोडून थांबले. आम्ही पंधरा-वीस जणांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचा व्यायाम सुरू केला. घरी येताना मला 1993 सालचे एक पोस्टकार्ड आठवले आणि दिवसभर ते डोक्यातून गेले नाही.

त्या वेळी मी तालुक्याच्या गावी एका लहान वाचनालयात काम करत होते. एका दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात माझे चार ओळींचे पत्र पत्त्यासह छापून आले होते. आठवड्याभराने पंधरा पैशांचे एक कार्ड आले. वर "सा. न. वि. वि.", त्याखाली एका अनोळखी गृहस्थांचे नाव, "वय 54, व्यवसाय घड्याळदुरुस्ती", आणि तळाशी "कळावे". अधेमधे सारे कार्ड कोरे होते. मी तत्परतेने उलट टपाली लिहिले, "आपले पत्र मिळाले. काय काम होते ते कळवावे." त्यानंतर त्यांचे पत्र कधीच आले नाही. माझ्या उत्तरात काही उद्धट नव्हते, तरीही काहीतरी चुकले हे मला तेव्हापासून वाटत आले आहे. तुमच्याकडे असे कोणी आले असेल तर तुम्ही काय म्हणालात आणि पुढे काय झाले, ते लिहावे.

निवृत्त_अंमलदार
ताई, हा मसुदा आमचा आहे. पोलीस जबाबाची सुरुवात "मी अमुक, वय अमुक वर्षे, धंदा शेती, राहणार अमुक, समक्ष विचारल्यावरून सांगतो की" अशीच होते. कायद्यानेच तो क्रम घालून दिलेला असल्यामुळे ज्याचा कचेरीशी एकदा संबंध आला, त्याच्या तोंडी तो कायमचा बसतो. म्हणून अशा माणसाला तुटक समजू नये. तो आपल्या परीने रीतसर बोलत असतो.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. दुपारी तीनच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात आले आणि टेबलासमोर उभे राहून नाव, वय 70, धंदा मजुरी, गाव, एवढे सांगून गप्प झाले. मी कागद ओढला आणि विचारले, "तक्रार काय?" ते म्हणाले, "तक्रार नाही," आणि वळून चालू लागले. दाराशी उभ्या असलेल्या आमच्या एका तरुण शिपायाने त्यांच्या पायांकडे पाहिले आणि सहज विचारले, "बाबा, चालत आलात का?" तेव्हा ते पायरीवरच बसले. तीन दिवसांपासून मुलगा घरी आलेला नव्हता. मुलाविरुद्ध तक्रार करायची नव्हती, म्हणून त्यांनी मला नाही म्हटले होते, आणि ते खरेच होते. मग मिसिंग दाखल केली. एकाच माणसाने दोन प्रश्नांना दिलेली ती दोन उत्तरे मी विसरलो नाही.

कोर्टाच्या_पायरीवर
अंमलदार साहेब, प्रसंग मोलाचा आहे, पण एक दुरुस्ती करतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 161 असो की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 180 असो, जबाबात आधी वय आणि मग धंदा लिहावा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तो लेखनिकांच्या हातचा परिपाठ आहे. प्रतिज्ञापत्रांतही तोच उतरला आहे.

लेकीची_आई
आमच्याकडे वधूवर मेळाव्यात हेच चालते. मुलगा माईकवर येतो, नाव, वय, नोकरी सांगतो आणि खाली उतरतो. आमची मुलगी उत्तर काय देणार? तिने विचारले, "पुढे?" आणि सगळे सभागृह हसले. मुलाकडच्यांना ते लागले असावे, कारण त्यांनी पत्रिका परत मागवली. तेव्हा अशा वेळी मुलीने गप्प राहावे की पगार विचारावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_ग्रंथपाल
लेकीच्या आई, आपला प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण मेळाव्यात माणूस कशासाठी उभा आहे हे सर्वांना आधीच ठाऊक असते. माझे कार्ड कशासाठी आले होते, तेच मला ठाऊक नव्हते. तरीही आपल्या मुलीचा "पुढे?" मला आवडला.

रात्रपाळीचा_फोन
मी अकरा वर्षे एका दूरध्वनी मदतसेवेत स्वयंसेवक होतो आणि दिवसा महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवत असे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ताईंच्या उत्तरातला अडथळा "काय काम होते" या शब्दांत आहे. ते वाक्य सभ्य आहे, पण त्यामुळे समोरच्याला आपल्या येण्याचे कारण सादर करावे लागते. ज्याच्याकडे कारण नाही, किंवा जे आहे ते कारण म्हणण्याइतके मोठे वाटत नाही, त्याला दोनच मार्ग उरतात. तो "काही नाही, सहज" म्हणतो किंवा गप्प होतो. अंमलदारांच्या "तक्रार काय" या प्रश्नाचेही तेच झाले.

हार्वे सॅक्स या अमेरिकन अभ्यासकाने 1960च्या दशकात एका मनोरुग्णालयाला आलेल्या दूरध्वनींची ध्वनिमुद्रणे बारकाईने तपासली. फोन उचलणाऱ्याने आधी स्वतःचे नाव सांगितले की करणाराही बहुधा आपले नाव सांगतो, असे त्याला आढळले. ज्याला नाव सांगायचे नसते तो "ऐकू आले नाही" म्हणतो, उचलणारा आपले नाव पुन्हा सांगतो आणि तेवढ्यात नाव सांगण्याची जागा निसटून जाते. यातून मी एवढेच घेतले की नावासमोर नावाची जागा तयार होते. कोणी नाव, वय, धंदा दिला, तर आपणही तितकेच आणि त्याच मापाने द्यावे. आपली सारी कर्मकहाणी सांगू नये आणि नुसते "बरं" म्हणूनही थांबू नये.

त्यानंतर त्या तिन्हींपैकी एकाच गोष्टीला हात घालावा. नाव टाळावे, कारण आपल्याकडे आडनावावरून "मूळचे कुठले" असे विचारले की ऐकणाऱ्याला त्यात जातीची चौकशी दिसते आणि पुष्कळदा ती असतेही. वयावर बोलायला गेले की "वाटत नाही हो" याखेरीज काही सुचत नाही. राहता राहिला धंदा. तिथेही "तुमच्या व्यवसायाबद्दल सांगा" असे म्हटले की परीक्षेचा प्रश्न होतो. एका ओळीत उत्तर देता येईल आणि ज्याचे उत्तर फक्त त्यालाच ठाऊक असेल, असे काहीतरी विचारावे.

ताईंचेच कार्ड घ्या. 1993 म्हणजे चावीची घड्याळे मागे पडून सेलवरची घड्याळे घरोघरी आलेली. दुरुस्ती करणाऱ्याचे काम बॅलन्स आणि स्प्रिंगवरून उतरून सेल बदलण्यावर येत होते. मी असतो तर लिहिले असते, "पत्र मिळाले, आनंद झाला. मी अमुक, वय इतके, वाचनालयात काम करते. आपल्याकडे चावीची घड्याळे अजून दुरुस्तीला येतात का?" याला "येतात" एवढे म्हणून थांबता येते आणि मनात असेल तर पुष्कळ बोलताही येते.

अडखळणारा
वरील मजकूर वाचला आणि राहवले नाही. मी स्वतः असाच परिचय देतो. माझे नाव, वय 43, विमा सर्वेक्षक, बस. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. ही तीन उत्तरे मी रस्त्याने घोकत येतो आणि ती सुखरूप बाहेर पडली की माझा त्या दिवसाचा मोठा डोंगर पार झालेला असतो. त्यानंतर कोणी प्रेमाने का होईना, छोटासा प्रश्न टाकला की सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्या तोंडावर खिळतात. माझ्यापुरते उत्तम उत्तर एका कार्यालयात मिळाले होते. तिथल्या बाईंनी "या, बसा" म्हणून खुर्ची सरकवली आणि आपल्या कामाला लागल्या. दहा मिनिटांनी मीच बोललो.

रात्रपाळीचा_फोन
आपले म्हणणे मान्य आहे. फोनवर खुर्ची सरकवता येत नाही, त्यामुळे माझी सवय प्रश्न विचारण्याची झाली. समोरासमोर मी चार लोकांत प्रश्न विचारणार नाही, बाजूला विचारीन. पण पोस्टकार्डाला खुर्ची कशी सरकवायची, हे मला अजून समजत नाही.

नागोयाहून
मुलांचे डबे भरता भरता लिहिते आहे. इथे जपानमध्ये नव्या ठिकाणी गेले की उभे राहून नाव आणि काम सांगायचे आणि शेवटी "योरोशिकु ओनेगाइ शिमासु" म्हणायचे, म्हणजे साधारण "सांभाळून घ्या". समोरचेही तेच म्हणतात आणि सर्वजण कामाला लागतात. पहिल्या दिवशी मला कोणी काहीच विचारले नाही, म्हणून मी रात्री रडले होते. कोणी दुर्लक्ष केलेले नव्हते, हे कळायला वर्ष गेले. मराठीत असे परत म्हणण्याचे ठरलेले वाक्य नाही, म्हणून आपण टाळ्या वाजवतो, असे मला वाटते.

लेकीची_आई
नागोयाताई, तिकडे विवाह कसे जमवतात, तेही वेळ मिळेल तेव्हा लिहा.

जुनी_ग्रंथपाल
आज सकाळी धाडस केले. व्यायाम संपल्यावर सगळे चहाकडे गेले आणि शिंपीकाका चप्पल घालत एकटेच राहिले होते. मी जवळ जाऊन माझे नाव सांगितले, वय 59, निवृत्त ग्रंथपाल असेही सांगितले आणि विचारले, "काका, काजे तुम्ही हाताने करायचात की मशीनवर?" त्यांनी चपलेचा पट्टा लावला, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "काजे आमची मंडळी करायची."

"करायची" हे मला ऐकू आले आणि पुढे काय बोलावे ते सुचले नाही. मी नुसती उभी राहिले. तेही उभे राहिले. मग त्यांनी माझ्या झब्ब्याच्या बाहीकडे बोट दाखवून सांगितले की हे काज मशीनचे आहे, म्हणून त्याची कड उसवत चालली आहे. हाताच्या काजात प्रत्येक टाक्याला दोऱ्याची गाठ बसते, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही.

निवृत्त_अंमलदार
उद्या ते येतील का?

जुनी_ग्रंथपाल
तसे काही बोलणे झाले नाही. झब्बा मात्र पिशवीत भरून ठेवला आहे.