मदत हवी आहे: हाफ्नियम-टंगस्टनवरून गाभ्याचं वय 3 कोटी वर्षं येतंय, मग चंद्राचं काय?

बेसाल्टवाली: सेमिनारसाठी गणित मांडलंय. हाफ्नियम-182 पासून टंगस्टन-182 तयार होतं, अर्धायुष्य 89 लाख वर्षं. कॉन्ड्राइट उल्कांमध्ये सुरुवातीपासून आजवर ते दहा हजारांत 1.6 भाग वाढलं. आपलं प्रावरण कॉन्ड्राइटच्याही 1.9 भाग पुढे आहे. प्रावरणातलं हाफ्नियम-टंगस्टन गुणोत्तर कॉन्ड्राइटच्या 13 पट धरलं (t दशलक्ष वर्षांत):

`1.9 = 13 × 1.6 × e^(-0.078t)`

उत्तर 30.7, म्हणजे सूर्यमाला सुरू झाल्यावर 3 कोटी वर्षांनी. पण चंद्र घडवणारी धडक काहीजण 5 ते 10 कोटी वर्षांनंतरची मानतात. गाभा आधीच तयार होता का? चूक कुठे आहे?

जड_पाणी: टंगस्टन जड, म्हणून लोखंडाबरोबर बुडालं. हाफ्नियम हलकं, वर राहिलं. गणित बरोबर वाटतंय.

तिसरा_थर: बुडालं कोण आणि राहिलं कोण, ते बरोबर, कारण चूक. दोघांचं अणुभार जवळपास सारखंच, 178 आणि 184. हाफ्नियम ऑक्सिजनला घट्ट धरतं म्हणून खडकात राहतं, टंगस्टनला धातूची संगत आवडते. युरेनियम तर याहून जड, तरी गाभ्यात जवळजवळ गेलंच नाही.

बेसाल्टवाली, 13 मधून 1 वजा करा, कारण 1.9 हा कॉन्ड्राइटच्या *वरचा* फरक आहे. 12 घेतलं की 29.7 येतं. खरी गोम वेगळीच आहे: या सूत्रात सगळा धातू एका दिवशी, अख्ख्या प्रावरणाशी देवाणघेवाण करून बुडाला असं गृहीत आहे.

भट्टीकर: आमच्या फाउंड्रीत स्लॅग काही मिनिटांत वर येतो. 3 कोटी वर्षं कशाला हवीत?

तिसरा_थर: बुडायला नाहीच लागत! वितळलेल्या खडकात धातूचे थेंब साधारण सेंटिमीटरभर राहतात आणि सेकंदाला अर्धा मीटर पडतात. 1000 किमी खोल मॅग्माचा समुद्र धरला तर 23 दिवस, वरखाली घुसळण नाही असं मानून. घन खडकात मात्र लोखंडाचे थेंब कणांच्या बेचक्यांत अडकतात, वाट सापडत नाही. कोटींचा काळ लागतो तो माल येऊन पडायला.

आणि गोंधळही तिथेच. आलेल्या ग्रहाचा स्वतःचा गाभा आधीच तयार असतो. तो थेंब-थेंब फुटला तर त्यातलं टंगस्टन आपल्या प्रावरणाशी जुळवून घेतं. शंभर किमीचा गोळा सरळ खाली गेला तर नाही. मग प्रावरणात जुनी जास्तीची टंगस्टन-182 तशीच उरते आणि वय खोटं जुनं दिसतं.

बेसाल्टवाली: म्हणजे 3 कोटी हा शेवट नाही?

तिसरा_थर: "यापेक्षा आधी संपलं नाही" एवढंच लिहा.

जड_पाणी: मग चंद्राच्या धडकेत किती गाभा फुटला?

तिसरा_थर: त्यावरच तर भांडण आहे. बेसाल्टवाली, मिसळलेला वाटा 40 टक्के आणि 100 टक्के धरून दोन आलेख काढा. वय किती सरकतं ते स्लाइडवर दिसेल.