मदत हवी आहे: परीक्षणाचा मथळा

मंडळी, इंदूरमधल्या एका हौशी दोन अंकी नाटकाचं परीक्षण तयार आहे, मथळा अडलाय. निकाल असा: पहिला अंक बांधीव, दुसरा वीसेक मिनिटं रेंगाळतो, तरी तिकीट वसूल.

‘दुसऱ्या अंकात नेमकं काय बिघडलं?’ हा मथळा निकाल लपवतो, शिवाय नाटक पडलं असं वाटतं. ‘संमिश्र अनुभव’ खरा, पण त्यावरून जायचं की नाही ते कळत नाही.

मराठीत ‘पण’नंतरचं जड पडतं. ‘पाहण्याजोगं, पण लांबलेलं’ म्हटलं की लांबीच लक्षात राहते. म्हणून उलटवलं: ‘दुसरा अंक लांबला, तरी नाटक पाहावं’. मात्र मोबाइलवर शेवट कापला गेला तर उरते फक्त तक्रार!

‘नाटक पाहावं, दुसरा अंक मात्र लांबलाय’ चालेल? की ‘मात्र’सुद्धा ‘पण’इतकंच जड?